चौदा किलोंचे मूल आणि दहा कुप्या

उमरेडकडच्या एखाद्या शिवारात, सोयाबीनच्या बांधावर खेळणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला घोणस चावली, असे समजू. आपल्याकडे खेड्यांत तिला परडही म्हणतात. मुलीचे वजन चौदा किलो आहे, पाय घोट्यापर्यंत सुजला आहे आणि हिरड्यांतून रक्त येते आहे. नागपूरच्या रुग्णालयात डॉक्टर सर्पविषरोधकाच्या दहा कुप्या मागवतात, तेव्हा सोबत आलेल्या काकांना धक्का बसतो. तापाचे औषध वजनावर मोजून चमच्याने द्यायचे, आणि इथे एवढ्याशा पोरीला मोठ्या माणसाइतका डोस? शंका रास्त आहे. मात्र त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की हे औषध मुलीच्या शरीरावर काम करते.

पॅरासिटामॉल शरीरात पसरून शरीराच्याच यंत्रणेवर परिणाम करते, म्हणून ते वजनानुसार द्यावे लागते. सर्पविषरोधक म्हणजे घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे. ही प्रतिपिंडे विषाच्या रेणूंना चिकटतात आणि त्यांना निकामी करतात. त्यामुळे किती प्रतिपिंडे लागतील हे शरीरात किती विष शिरले आहे यावर ठरते, आणि घोणस दंश करताना समोर बैल आहे की बालक याचा हिशेब ठेवत नाही.

आकडे मांडले की हे स्पष्ट होते. भारतात मिळणारे विषरोधक नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. दहा मिलिलिटरची एक कुपी घोणसीचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते, म्हणूनच सुरुवातीचा डोस आठ ते दहा कुप्यांचा असतो. आता काकांच्या मनासारखे करून पाहू. साठ किलोंच्या माणसाला दहा कुप्या, तर चौदा किलोंच्या मुलीला साधारण अडीच. त्यांतून १५ मिलिग्रॅम विष आवरले जाईल आणि ४५ मिलिग्रॅम मोकळे राहील. शिवाय तेच विष साठ किलोंऐवजी चौदा किलोंत पसरलेले असल्यामुळे दर किलोमागे त्याचे प्रमाण चौपटीहून अधिक असते, आणि लहान मुलांची प्रकृती अनेकदा झपाट्याने बिघडते ती यामुळेच. प्रत्येक दंशात विष सारखेच उतरते असे नाही, काही दंश तर कोरडेच असतात. म्हणून विषबाधेची लक्षणे दिसल्याशिवाय विषरोधक दिले जात नाही, मूल असो वा मोठा.

वजनाचा विचार मग होतच नाही का? होतो, पण तो पाण्याच्या बाबतीत. कुपीतील भुकटी दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवून ते द्रावण सलाइनमध्ये मिसळतात आणि सुमारे तासाभरात शिरेतून देतात. एकूण द्रव दर किलोला ५ ते १० मिलिलिटर ठेवायचा असतो, म्हणजे या मुलीला जास्तीत जास्त १४० मिलिलिटर. दहा कुप्यांचेच १०० मिलिलिटर होतात, तेव्हा सलाइन फार तर ४० मिलिलिटर घालता येते. मोठ्या माणसासारखी अर्धा लिटरची बाटली लावली, तर इवल्या हृदयावर आणि फुप्फुसांवर द्रवाचा भार पडेल.

दुसरी गोष्ट ॲड्रेनॅलिनची. घोड्याच्या प्रथिनांमुळे अंगावर गांधी उठणे, धाप लागणे, रक्तदाब कोसळणे अशी तीव्र प्रतिक्रिया कोणालाही येऊ शकते. ती पहिल्याच कुपीतही येऊ शकत असल्याने कुप्या कमी केल्याने हा धोका टळत नाही. त्यासाठी ॲड्रेनॅलिन भरून तयार ठेवतात, आणि ते मात्र वजनावर चालते: दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलीला ०.१४ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत.

डोस पुरला का, हे एक साधी काचेची परीक्षानळी सांगते. स्वच्छ, कोरड्या नळीत शिरेतील दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त ओघळले, तर विषाने गोठण्याचे घटक संपवले आहेत असे समजायचे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर चांगले रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

विषरोधक दिल्यानंतर ही चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात, कारण विष आवरले गेले तरी यकृताला हे घटक नव्याने तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो. तासाभरातच रक्त गोठत नाही म्हणून घाईने पुढच्या कुप्या फोडण्यात अर्थ नाही. सहा तासांनंतरही रक्त पातळच राहिले, तर दुसरा डोस दिला जातो, आणि तोही मोठ्या माणसाइतकाच.