प्रॉम्प्टचा लॉग वेगळा, आवृत्तीची नोंद वेगळी

आठ महिन्यांपूर्वी AI कडून काढून घेतलेलं आणि मंजूर झालेलं तपकिरी काचेच्या बाटलीचं चित्र मला पुन्हा हवं होतं. बाटली तीच, फक्त झाकण सोनेरीऐवजी काळं. प्रॉम्प्ट आणि सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, दोन्ही जपून ठेवले होते. आधी मूळ चित्र तसंच येतंय का ते पाहावं म्हणून काही न बदलता चालवलं. बाटली त्याच जागी उभी राहिली, सावलीही त्याच बाजूला पडली, पण काच मात्र प्लॅस्टिकसारखी दिसत होती.

माझ्याकडे लॉग होता, आवृत्तीची नोंद नव्हती. आपण बहुतेक जण या दोन्हींना एकच समजतो.

लॉग म्हणजे एका चित्रासाठी आपण काय काय दिलं याची नोंद. तो प्रत्येक चित्राला एक असतो, आणि हाताने लिहायची गरजही सहसा पडत नाही. Stable Diffusion WebUI हे चित्रं काढणारं सॉफ्टवेअर आपल्या PNG फाइलमध्येच प्रॉम्प्टखाली अशी ओळ ठेवतं:

```
Steps: 30, Sampler: Euler a, CFG scale: 6,
Seed: 2718093341, Size: 832x1216,
Model hash: 4c1e09b7d2, Model: studio_final
```

ComfyUI हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर तर अख्खा वर्कफ्लो PNG मध्ये ठेवतं. पण ही माहिती नाजूक असते. चित्र मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलं किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधून सेव्ह केलं, की ती बहुधा गळून पडते. म्हणून मूळ PNG ला हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची.

आवृत्तीची नोंद प्रत्येक चित्राला नसते. खालची जमीन बदलली की ती लिहायची: मॉडेलची फाइल बदलली, मॉडेलला जोडायची नवी छोटी फाइल म्हणजे LoRA, किंवा चित्र शेवटी रंगांत उतरवणारी VAE आली, सॉफ्टवेअर अपडेट केलं, ग्राफिक्स कार्ड बदललं. तारीख, काय बदललं, का बदललं, जुनी फाइल कुठे ठेवली. चार ओळी पुरतात.

माझ्या बाबतीत जुनी PNG सापडली आणि घोळ उलगडला. दोन्ही चित्रांत मॉडेलचं नाव studio_final हेच होतं, पण हॅश वेगळा. मधल्या काळात मी नवं मॉडेल उतरवून त्याच नावाने जुन्यावर लिहिलं होतं. हॅश फाइलच्या मजकुरावरून निघतो, त्यामुळे नाव तेच ठेवलं तरी तो बदल लपत नाही. लॉगने मला फाइल वेगळी आहे एवढं सांगितलं. जुन्या फाइलची प्रत कुठे ठेवली आहे का, हे फक्त आवृत्तीच्या नोंदीतून कळलं असतं.

चित्र किती बिघडलंय त्यावरून दोष कुठल्या नोंदीत शोधायचा, याचा अंदाज येतो. मांडणीच पूर्ण वेगळी आली, तर ज्या विस्कळीत ठिपक्यांतून चित्र घडतं तो सुरुवातीचा नॉइज बदललाय. सीड चुकला असेल, आकार बदलला असेल, किंवा नॉइज आधी ग्राफिक्स कार्डवर तयार होत होता आणि आता प्रोसेसरवर होतोय. आकाराची चूक फार सहज होते. 832x1216 ऐवजी चौरस चित्र मागितलं, की सीड तोच असूनही नॉइज वेगळा पडतो. मांडणी साधारण तीच पण पोत आणि चकाकी वेगळी, तर आधी मॉडेल किंवा LoRA वर संशय घ्यावा. मांडणी हुबेहूब तीच आणि फक्त रंग फिके किंवा गडद वाटले, तर VAE तपासावी. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा लॉग उघडायचा, पुढच्या दोन्हींत आवृत्तीची नोंद.

बॅचमध्येही एक खोच आहे. WebUI मध्ये चार चित्रं एकदम काढली तर प्रत्येकाचा सीड एकेकाने वाढत जातो, त्यामुळे तिसरं चित्र एकटंही परत काढता येतं. ComfyUI मध्ये एरवी अख्ख्या बॅचचा नॉइज एकाच सीडमधून निघतो. तिथे आवडलेलं चित्र बॅचमधलं कितवं होतं आणि बॅच केवढी होती, हेही लिहून ठेवावं लागतं.

लेबलवरची अक्षरं मी नंतर एडिटरमध्ये बसवते. झाकणाचा भाग मास्क करून पुन्हा काढला असेल, तर तो मास्कही फाइल म्हणून ठेवते. अंतिम चित्राचा हा भाग पहिल्या PNG च्या लॉगमध्ये कधीच येत नाही.

ज्या ऑनलाइन सेवेत मॉडेल कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि आवृत्ती निवडता येत नाही, तिथे ही पद्धत अर्धीच चालते. मॉडेल त्यांनी बदललं की आपल्या नोंदींनी जुनं चित्र परत येत नाही. तिथे मूळ चित्र पूर्ण आकारात ठेवायचं आणि पुढचे बदल त्याच्यावरच करायचे.

आता चित्र मंजूर झालं, की त्याच दिवशी मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करते आणि लॉगमधूनच चित्र काढते. दोन्ही चित्रं एकावर एक लेयर करून वरच्याला फक्त फरक उजळ दाखवणारा Difference मोड लावते. सगळं काळं दिसलं तर नोंद पुरेशी आहे. अगदी पुसट ठिपके दिसले तर ते xformers सारख्या वेग वाढवणाऱ्या पर्यायामुळे असू शकतात, आणि उत्पादनाच्या चित्राला ते चालतात. बाटलीची कड उजळ दिसली, तर काहीतरी लिहायचं राहिलंय, आणि ते शोधायला मॉडेलची फाइल अजून जागेवर आहे.