मंडळाची सरासरी चांगली, तरी वावर रिकामं का?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत पीक विम्यावरून दर वर्षी एक तक्रार ऐकू येते: माझं पीक गेलं, पण मंडळाची सरासरी चांगली म्हणून मला काहीच मिळालं नाही. ही तक्रार खरी असू शकते, आणि तिच्यामागचं गणित ‘एकूण प्रचरणाचा नियम’ नेमकं सांगतो.

प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स, हे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप. प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी काढायची.

हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे मनाने धरू. एका महसूल मंडळात निम्मी जमीन भारी काळी, निम्मी बरड. वर्षं तीन प्रकारची, तिन्ही सारख्याच शक्यतेची. पाऊस हवा तेवढा झाला तर कपाशी भारी जमिनीत एकरी 10 क्विंटल, बरडीत 8. झड लागून राहिली तर भारी जमिनीत पाणी साचतं, मुळं गुदमरतात आणि 4 क्विंटलच हाती येतं. बरडीतलं पाणी निचरून जातं, तिथे 8. पावसाने मोठा खंड दिला तर भारी जमीन ओल धरून 5 देते, बरड जेमतेम 1.

सहाही आकड्यांची सरासरी 6. फरकांचे वर्ग 16, 4, 4, 4, 1 आणि 25. बेरीज 54, तिला सहाने भागलं की प्रचरण 9.

आता हे 9 वर्षानुसार फोडू. तीन वर्षांच्या सरासऱ्या 9, 6 आणि 3, त्यांचं प्रचरण 6. मग प्रत्येक वर्षाच्या आत वावरावावरांतला फरक बघू: चांगल्या वर्षी प्रचरण 1, झडीच्या वर्षी 4, खंडाच्या वर्षी 4. त्यांची सरासरी 3. आणि 3 अधिक 6 बरोबर 9. ‘वर्ष’ ही माहिती X आणि उत्पन्न Y मानलं, Var म्हणजे प्रचरण, E म्हणजे सरासरी आणि Y|X म्हणजे X ठाऊक असतानाचं Y, तर नियम असा:

Var(Y) = E[Var(Y|X)] + Var(E[Y|X])

हा योगायोग नाही. खंडाच्या वर्षातलं बरड वावर घ्या. ते एकूण सरासरीपेक्षा 5 ने खाली आहे: त्या वर्षाच्या सरासरीपेक्षा 2 ने, आणि ते वर्षच एकूण सरासरीपेक्षा 3 ने. या बेरजेचा वर्ग केला की दोन्ही फरकांच्या गुणाकाराचंही एक पद येतं. पण एकाच वर्षातल्या वावरांचे त्या वर्षाच्या सरासरीपासूनचे फरक एकमेकांना फेडून शून्य होतात, त्यामुळे ते पद प्रत्येक वर्षात नाहीसं होतं. उरतात फक्त दोन वर्ग.

विम्याचं दुखणं इथेच आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत सरासरी उत्पन्नावर ठरणारी भरपाई क्षेत्राच्या आकड्यावर चालते. पीक कापणी प्रयोगांतून, म्हणजे काही निवडक वावरांतलं पीक कापून-मोजून, मंडळाची सरासरी काढतात आणि ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तरच पैसे मिळतात. म्हणजे असा विमा फक्त दुसऱ्या पदाकडे, त्या 6 कडे बघतो. पहिलं पद, ते 3, कास्तकाराच्याच डोक्यावर राहतं. आपल्या हिशेबात उंबरठा 6 च्या 70 टक्के, म्हणजे 4.2 धरू. झडीच्या वर्षी भारी जमिनीवाल्याला 4 क्विंटल झालं, तरी मंडळाची सरासरी 6, म्हणून भरपाई नाही. खंडाच्या वर्षी सरासरी 3 वर येते, तेव्हा 5 क्विंटल काढणाऱ्यालाही भरपाई मिळते.

मग जमिनीनुसार फोड केली तर? भारी जमिनीची तिन्ही वर्षांची सरासरी 6.33, बरडीची 5.67. या दोन सरासऱ्यांचं प्रचरण अवघं 0.11, बाकीचं 8.89 आतच राहिलं. एवढ्यावरून कुणी म्हणेल, जमिनीने फरकच पडत नाही. हे चूक आहे. झडीत बरड जिंकते, खंडात भारी जिंकते, आणि सरासरी घेताना दोन्ही परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. हा नियम सरासरीतला फरक मोजतो, कारणाचं बळ नाही. वर्ष आणि जमीन दोन्ही ठाऊक असतील तर आपल्या मांडणीत आतलं प्रचरण शून्य होतं. म्हणूनच विम्याचं क्षेत्र जमिनीच्या पोतानुसार आखलं, तर कास्तकाराच्या माथ्यावरचा बराच भार विम्याच्या कक्षेत येईल, असं मला ठामपणे वाटतं.

अडचण मोजणीची आहे. मंडळाची खरी सरासरी कुणालाच दिसत नाही. दिसते ती काही निवडक वावरांची. चिठ्ठी टाकून दोनच वावरं निवडली तर वर्षावर्षांतल्या मोजलेल्या सरासरीचं प्रचरण 6 राहत नाही, 6 अधिक 3 भागिले 2, म्हणजे 7.5 होतं. दहा वावरं घेतली तर 6.3. हाही तोच नियम, पुन्हा एकदा लावलेला. क्षेत्र लहान करायचं आणि प्रयोगांची एकूण संख्या तेवढीच ठेवायची, तर प्रत्येक क्षेत्राच्या वाट्याला कमी वावरं येतात. मात्र क्षेत्र जमिनीच्या पोतानुसारच तोडलं असेल, तर आतलं प्रचरणही घटतं आणि थोड्या प्रयोगांत भागतं. नुसत्या गावांच्या शिवेवरून तोडलं, आणि प्रत्येक गावात दोन्ही जमिनी असल्या, तर आतले ते 3 जवळपास तसेच राहतात.