सॉकेट-झाकण व वायर-मांडणी (कोकण)

रांगती मुले आणि वायर कुरतडणारी कुत्री-मांजरे यांना घरातील विजेच्या धक्क्यापासून दूर ठेवण्याचे दोन उपाय. सॉकेटच्या भोकांत बसवायच्या प्लास्टिकच्या पिनेला झाकण म्हणतात. वायर-मांडणी म्हणजे वायर तोंडाच्या व हाताच्या टप्प्याबाहेरून नेणे. कोकणातील जुन्या कौलारू घरांत विजेचा बोर्ड बहुधा दाराच्या चौकटीशेजारी, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर असे. तिथे लहान मुलाचा हात पोचत नसे. फ्रीज, टीव्ही आणि इन्व्हर्टरसाठी जमिनीलगत सॉकेट आले, माजघरात एक्स्टेन्शन बोर्ड आला, तेव्हा धोका खाली उतरला.

भारतात प्रचलित असलेले तीन गोल भोकांचे सॉकेट ब्रिटिशांच्या बीएस ५४६ या मानकावरून (१९३४) आले. आपले आयएस १२९३ हे मानक त्याच घडणीचे आहे. ब्रिटनने मात्र १९४७ मध्ये चपट्या पिनांचे बीएस १३६३ स्वीकारले आणि त्यात भोकांमागे झडप सक्तीची केली. झडपेचे श्रेय बहुतेक ठिकाणी कॅरोलाइन हॅस्लेट यांना दिले जाते. युद्धकाळातील ज्या समितीच्या अहवालातून (१९४४) हे सॉकेट पुढे आले, तिच्या त्या सदस्य होत्या. झडपेची सॉकेटे त्याआधीही काही उत्पादकांकडे असावीत, असे दुसरे मत आहे. दोन्ही मतांचा मेळ घालता येतो: युक्ती जुनी असावी आणि ती प्रत्येक घरात असावी हा आग्रह समितीच्या काळातला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतीय घरांत झडप आली ती बऱ्याच उशिरा, मॉड्युलर बोर्डांबरोबर. त्यामुळे एकाच घरात पडवीतले सॉकेट उघड्या भोकांचे आणि नव्या खोलीतले झडपेचे, असे सर्रास आढळते.

हा फरक झाकण घेण्याआधी पाहावा लागतो. वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची पिन जाते. ती बाकीच्या दोन पिनांपेक्षा लांब व जाड असल्याने आधी आत शिरते आणि झडप बाजूला सारते. दोन पिनांचा चार्जर आत जाईना की वरच्या भोकात पेन खुपसतात, ते याच कारणाने. झाकणाची वरची पिनही नेमके तेच करते. झाकण बसले की आतली झडप उघडी राहते आणि सगळा भरवसा त्या प्लास्टिकच्या तुकड्यावर येतो. मुलाने ते उपटताना वरची पिन आत मोडून राहिली, तर फेजचे भोक कायमचे उघडे पडते. ब्रिटनच्या आरोग्य विभागाने २०१६ मध्ये आरोग्य व देखभाल संस्थांत अशी झाकणे वापरू नयेत असे कळवले, त्यामागे हाच विचार होता. तो इकडे जसाच्या तसा लागू होत नाही. उघड्या भोकांच्या जुन्या सॉकेटला झाकण हवेच. चांगल्या झडपेच्या सॉकेटला ते नसलेले बरे. ज्यात कोणत्याही देशाची पिन बसते अशा बहुउपयोगी सॉकेटात झाकण नीट बसत नाही. तिथे संपूर्ण पाटीवर बसणारे, कडीचे झाकण घ्यावे.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण येते. खाऱ्या दमट हवेने सॉकेटातील पितळी पत्त्यांवर हिरवट थर चढतो. त्यात जाड पिनांचे झाकण महिनोन् महिने राहिले की पत्त्या फाकतात. पुढे तिथे मिक्सर लावला की पिन सैल बसते, चरचरते, तापते. झाकण काढून घरातला नेहमीचा प्लग लावून पाहावा: तो स्वतःच्या वजनाने लोंबू लागला किंवा भोकाभोवती प्लास्टिक पिवळे-करपट दिसले, तर सॉकेटच बदलावे.

वायर-मांडणीची खरी कसोटी गणपतीत लागते. चाकरमानी पोराबाळांसह घरी येतात, मखराला दिव्यांच्या माळा लागतात आणि एक्स्टेन्शन बोर्ड मखराच्या कापडामागे जमिनीवर जातो. मांजरालाही बसायला तीच जागा आवडते. उदाहरण म्हणून असे माजघर घ्यावे, ज्यात दाराजवळचा बोर्ड १.४ मीटर उंचीवर आणि मखर ४ मीटर दूर आहे. वायर जमिनीवरून न नेता बोर्डापासून २ मीटर उंचीपर्यंत वर न्यावी (०.६ मीटर), त्या उंचीवरून भिंतीने आडवी न्यावी (४ मीटर) आणि मखरामागे १.२ मीटर खाली सोडावी. बेरीज ५.८ मीटर होते. वळणांसाठी थोडी जास्त धरून साडेसहा मीटर तीनपदरी वायर लागते. बाजारातली पाच मीटरची एक्स्टेन्शन इथे अपुरी पडते, आणि अपुरी पडली की ती जमिनीवरून ताणली जाते. शेवटचा बोर्ड मखरामागे भिंतीला स्क्रूने टांगावा. दुहेरी चिकटपट्टी चुन्याच्या गिलाव्यावर पावसाळ्यात टिकत नाही. भाद्रपदातली ओली भिंत ती एका रात्रीत सोडून देते. म्हणून जांभ्यात गुल्ली ठोकून पट्टी बसवावी. मखराच्या माळा विशेष जपाव्यात. स्वस्त माळांतले दिवे एकामागे एक जोडून थेट २३० व्होल्टवर चालतात आणि वायरचे आवरण कागदासारखे पातळ असते. पिल्लाने ती कुठेही चावली तरी घरातला पूर्ण दाब तोंडाशी येऊ शकतो. कायम खाली उतरवावी लागणारी वायर, उदाहरणार्थ फ्रीजची, कडक पीव्हीसी पाइपातून घ्यावी. मऊ वेटोळी नळी दात येत असलेले पिल्लू खेळणे म्हणून चावते.

मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला की काळजी नाही, असा समज आढळतो. जमिनीकडे गळणाऱ्या विजेला तो क्षणात तोडतो, हे खरे. पण वायर चावताना वीज फेजमधून न्यूट्रलकडे तोंडातूनच जाऊ शकते. जेवढी जाते तेवढी परत येते, म्हणून आरसीसीबीला काहीच कळत नाही. बटण बंद ठेवण्याचाही भरवसा वायरमनने तपासल्यावरच धरावा. जुन्या फिटिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेले सापडते, आणि मग बटण बंद असूनही भोकात फेज राहतो.

मुलांच्या तोंडाची भाजणी बऱ्याचदा चालू एक्स्टेन्शनचे मोकळे टोक चोखल्याने होते. उपकरण काढले की वायर भिंतीकडूनही काढणे म्हणूनच महत्त्वाचे. अपघात झालाच, तर आधी मेन बंद करावे, मगच मुलाला किंवा जनावराला हात लावावा. ओठाच्या कोपऱ्यावरचा डाग पांढरट-करडा दिसतो, फारसा दुखत नाही आणि म्हणून किरकोळ वाटतो. तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. साधारण ५ ते १४ दिवसांनी खपली सुटताना ओठातील धमनीतून अचानक रक्त वाहू शकते. तेव्हा ओठ आतून-बाहेरून दोन बोटांच्या चिमटीत घट्ट दाबून धरून रुग्णालय गाठावे. कुत्र्या-मांजरात लाळ गळणे आणि हिरडीवर करपट रेघ ही पहिली खूण असते. फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतो. जनावर मान पुढे ताणून, तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागते. चावा घेतल्याचे दिसले, तर जनावर बरे वाटत असले तरी ते पशुवैद्याकडे न्यावे.