आसवात दारू नसते?

"आसव म्हणजे झाडपाल्याचा काढाच ना, त्यात अल्कोहोल कुठून येणार?"

येतं, आणि ते वरून मिसळलेलं नसतं, आतच तयार होतं. आयुर्वेदिक औषधांत चूर्ण म्हणजे वाळवून दळलेली पूड, वटी म्हणजे गोळी, भस्म म्हणजे शुद्ध करून पुन्हा पुन्हा भट्टी दिलेल्या धातू-खनिजांची बारीक राख, पण आसवाचं प्रकरणच वेगळं, ते आंबवतात. औषधी, पाणी, गूळ आणि धायटीची फुलं भांड्यात घालून तोंड बंद करून काही आठवडे ठेवतात, यीस्ट गूळ खातं आणि अल्कोहोल बनतं (काढा उकळून मग आंबवला की त्याला अरिष्ट म्हणतात, नावातला फरक एवढाच).

बाटलीवर 'स्वयंजनित अल्कोहोल' आणि टक्के बघा. समजा १० टक्के आहे आणि डोस २० मिली, म्हणजे एका वेळी २ मिली अल्कोहोल पोटात गेलं. पाणी घालून घेतलं तरी तेवढंच हां! बहुतेकांना यातून काही चढत नाही, पण दारू सोडवायला डायसल्फिराम घेणाऱ्याला एवढ्यानेही रिअ‍ॅक्शन येऊ शकते. आणि आंबून उरलेला गूळ तसाच असतो, त्यामुळे शुगरवाल्यांनी डॉक्टरला विचारूनच घ्यावं.