बहुपदींची कोटी आणि अग्र सहगुणक: आमचा सरावसंच सोडवणाऱ्यांसाठी

आमच्या सरावसंचातल्या ज्या प्रकरणाबद्दल सर्वाधिक विचारणा होते, त्यावरचे हे माहितीपत्रक. दोन बहुपदींची बेरीज, गुणाकार आणि संयोजन केले की येणाऱ्या बहुपदीची कोटी किती आणि तिचा अग्र सहगुणक कोणता, एवढाच प्रश्न आहे. पूर्ण विस्तार न करता उत्तर देता यावे अशी अपेक्षा असते, आणि नेमके तिथेच गुण जातात.

सर्वांत मोठा घातांक असलेले पद ते अग्रपद. त्याचा घातांक ही कोटी आणि त्याचा सहगुणक तो अग्र सहगुणक. अग्रपद सर्वांत आधी लिहिलेले असेलच असे नाही. 7 + x − 2x³ मध्ये ते शेवटी आहे, त्यामुळे कोटी 3 आणि अग्र सहगुणक −2. बहुपदी आधी उतरत्या घातांकात लिहून घेतली की ही चूक होत नाही.

बेरीज

कोटी वेगवेगळ्या असतील तर मोठ्या कोटीची बहुपदी जिंकते, त्यात काही अडचण नाही. कोटी सारख्या असल्या की अग्र सहगुणकांची बेरीज करायची आणि ती शून्य तर येत नाही ना, हे पाहायचे. (4x³ + x² − 7) + (−4x³ + 2x² + x) या बेरजेत x³ ची पदे एकमेकांना खाऊन टाकतात आणि 3x² + x − 7 उरते. कोटी 2, अग्र सहगुणक 3. म्हणून ‘बेरजेची कोटी दोघींतल्या मोठ्या कोटीइतकी असते’ हे विधान चूक आहे. ती मोठ्या कोटीपेक्षा जास्त नसते, एवढेच खात्रीने म्हणता येते.

सगळीच पदे गेली तर शून्य बहुपदी उरते. तिची कोटी 0 नव्हे, ती निश्चित करता येत नाही. 5 सारख्या स्थिर बहुपदीची कोटी मात्र 0 असते.

गुणाकार

इथे कोटींची बेरीज आणि अग्र सहगुणकांचा गुणाकार. दोन शून्येतर वास्तव संख्यांचा गुणाकार शून्य होत नाही, म्हणून अग्रपद नाहीसे होण्याची भीती नाही. (ज्यांना बाकीचे अंकगणित माहीत आहे त्यांच्यासाठी: सहगुणक 6 ने भागून उरणाऱ्या बाकीत मोजले तर (2x + 1)(3x + 1) मधले 6x² शून्य होते आणि 5x + 1 एवढेच उरते. हा नियमही सहगुणक कुठले आहेत यावर अवलंबून आहे.)

संयोजन: खरा घोटाळा इथे आहे

p(x) = 3x² − 5x + 1 आणि q(x) = −2x³ + x घ्या. p(q(x)) म्हणजे p मध्ये जिथे जिथे x आहे तिथे तिथे पूर्ण q ठेवणे:

p(q(x)) = 3(−2x³ + x)² − 5(−2x³ + x) + 1

सर्वांत मोठा घातांक पहिल्या पदातूनच येणार, कारण तिथे q चा वर्ग आहे. वर्गातले अग्रपद (−2x³)² = 4x⁶, त्याला 3 ने गुणले की 12x⁶. पूर्ण विस्तार 12x⁶ − 12x⁴ + 10x³ + 3x² − 5x + 1 असा येतो. कोटी 6, अग्र सहगुणक 12.

नियम असा: बाहेरच्या बहुपदीची कोटी m आणि अग्र सहगुणक a, आतल्या बहुपदीची कोटी n आणि अग्र सहगुणक b असेल, तर संयोजनाची कोटी mn आणि अग्र सहगुणक abᵐ. घात b ला चढतो, a ला नाही, आणि तो घात बाहेरच्या बहुपदीच्या कोटीइतका असतो.

तपासायला आलेल्या उत्तरांवरून पाऊल कुठे घसरले ते बहुतेक वेळा ओळखता येते. कोटी 5 आणि सहगुणक −6 लिहिले असेल तर संयोजनाऐवजी गुणाकार केला आहे. कोटी 6 बरोबर पण सहगुणक −6 असेल तर सहगुणक नुसते गुणले, वर्ग विसरला. −12 आले तर कंस न घालता −2² लिहिले. 36 म्हणजे 3 आणि −2 गुणून मग सगळ्याचाच वर्ग. −24 आले तर घात म्हणून बाहेरची कोटी 2 न घेता आतली 3 घेतली.

क्रम उलटा केला तर? q(p(x)) ची कोटी 6च राहते, कारण 2 × 3 आणि 3 × 2 एकच. अग्र सहगुणक मात्र (−2) × 3³ = −54 होतो. कोटी जुळली म्हणून दोन्ही संयोजने सारखीच, असे धरून चालू नका.

उत्तराची शंका आली तर कॅल्क्युलेटर घ्या, x = 1000 ठेवा आणि आलेली किंमत x⁶ ने भागा. p(q(x)) साठी 11.99998 च्या आसपास संख्या येते, म्हणजे 12 बरोबर. कोटीच चुकली असेल तर भागाकार एक तर अवाढव्य येतो नाही तर जवळजवळ शून्य.

या नियमाला एक अट आहे आणि ती बरेचदा सांगायची राहून जाते: आतली बहुपदी स्थिर नसावी. p(x) = x² + 1 आणि q(x) = 3 असेल तर p(q(x)) = 10. सूत्राने मात्र 1 × 3² = 9 येते. आतली बहुपदी स्थिर असली की बाहेरची सगळी पदे संख्याच होऊन बसतात, त्यामुळे एकटे अग्रपद पुढे राहत नाही. q(x) = 2 आणि p(x) = x² − 4 घेतले तर शून्य बहुपदीच मिळते.

नियम उलटा वापरायचा प्रश्न

f(f(x)) = 4x − 9 असेल तर बहुपदी f शोधा. f ची कोटी n असेल तर n² = 1, म्हणजे n = 1. मग f(x) = ax + b धरू. f(f(x)) = a²x + ab + b, म्हणून a² = 4. बहुतेक जण a = 2 घेऊन, 3b = −9 वरून b = −3 काढतात आणि f(x) = 2x − 3 लिहून थांबतात. ते उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. a = −2 घेतले तर −2b + b = −9, म्हणजे b = 9 आणि f(x) = −2x + 9. ताळा घ्या: −2(−2x + 9) + 9 = 4x − 9.

उजवीकडे 6 कोटीची बहुपदी दिली असती तर आकडेमोड सुरू करायचीही गरज नव्हती. कोणत्याही पूर्णांकाचा वर्ग 6 होत नाही, म्हणून अशी f अस्तित्वातच नाही.

p(x + 1) − p(x)

यात संयोजन आणि बेरीज दोन्ही एकत्र येतात. p(x + 1) मध्ये आतली बहुपदी x + 1, तिची कोटी 1 आणि अग्र सहगुणक 1, त्यामुळे p ची कोटीही तीच राहते आणि अग्र सहगुणकही. मग वजाबाकीत अग्रपद जाणारच. p(x) = 5x³ साठी 5(x + 1)³ − 5x³ = 15x² + 15x + 5: कोटी एकाने उतरली आणि नवा अग्र सहगुणक 3 × 5 आला. p ची कोटी m ≥ 1 असेल तर प्रत्येक वेळी कोटी m − 1 आणि अग्र सहगुणक ma मिळतो. ‘दोन्हींची कोटी 3, म्हणून वजाबाकीचीही 3’ असे लिहिणाऱ्याने संयोजनाचा भाग बरोबर केलेला असतो, चुकलेला असतो तो बेरजेचा.