‘कनेक्टेड’ दिसतं, मग आवाज का येत नाही?

पावसाळ्यात हर्णैला लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून आमच्या आत्याने एक स्वस्तातला टॅबलेट घेतला आणि वायफाय चालू असतानाच त्यावर ऑडिओबुकं उतरवून ठेवली. हेडफोनचं नाव यादीत आलं, खाली ‘कनेक्टेड’ही उमटलं. पण निवेदक बोलत होता तो टॅबलेटच्याच स्पीकरमधून.

ब्लूटूथ जुळलं म्हणजे आवाज जाईलच असं नाही. जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांशी नेमकं काय देवाणघेवाण करायचं, हे ‘प्रोफाइल’ ठरवतात. कॉलचं प्रोफाइल वेगळं, आणि गाणी-पुस्तकांसाठीचं, म्हणजे ए-टू-डीपी, वेगळं. पहिलं जुळून दुसरं बंद असलं तरी पाटी ‘कनेक्टेड’चीच लागते. अँड्रॉइडवर जोडलेल्या हेडफोनच्या नावाशेजारचं चक्र दाबलं की आत Media audio हे बटण दिसतं. आत्याच्या टॅबलेटवर ते बंद होतं. चालू केल्यावर आवाज हेडफोनमध्ये गेला. ते पुन्हा आपोआप बंद होत असेल तर हेडफोन यादीतून काढून टाकायचा, शेजारच्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करायचं (हेडफोन बहुतेकदा त्यालाच चिकटलेला असतो) आणि नव्याने जोडायचा.

ई-रीडरचं प्रकरण निराळं. किंडल पेपरव्हाइटला ऑडिओबुकांसाठी ब्लूटूथ मिळालं ते 2018च्या मॉडेलपासून. त्यातही ऐकता येतात ती ऑडिबलची पुस्तकं; संगणकावरून टाकलेली एमपी३ फाइल तिथे वाजत नाही. त्याआधीच्या पेपरव्हाइटला हेडफोनचं भोकही नाही. तेव्हा वाचायला किंडल आणि ऐकायला मोबाइल, हाच सरळ मार्ग.

टॅबलेटचं ब्लूटूथच बिघडलं असेल, पण त्याला 3.5 मिलिमीटरचं जॅक असेल, तर त्यात खोचायचा ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो. घेताना घोटाळा होतो तो इथेच. दुकानात तशीच दिसणारी, गाडीच्या स्टिरिओसाठीची वस्तू जास्त असते, आणि ती असते रिसीव्हर: आवाज बाहेर पाठवण्याऐवजी मोबाइलकडून घेणारी. ती खोचली की टॅबलेटचा स्पीकर गप्प होतो, पण हेडफोन काही केल्या जुळत नाही. दुकानातच ओळखायचं तर मोबाइलचं ब्लूटूथ चालू करून शोधा. यादीत तिचं नाव आलं तर बहुधा रिसीव्हर. डबीवर TX लिहिलेलं हवं. नुसतं RX असेल तर परत द्या.

ट्रान्समीटरला पडदा नसतो, त्यामुळे कोणाशी जुळायचं हे त्याला सांगता येत नाही. दोन्ही वस्तू शेजारी ठेवून, दोन्हींचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं आणि थोडं थांबायचं. अशा जोडणीत आवाज किंचित उशिरा पोहोचतो. सिनेमात ओठ आणि शब्द जुळेनासे होतात, तेव्हा ते खटकतं. पुस्तक ऐकताना कळतही नाही.