पित्ताश्मरी आणि मद्यपान

पित्ताशयात होणाऱ्या खड्यांचा (पित्ताश्मरी) मद्यपानाशी असलेला संबंध. नियमित व मर्यादित मद्यपान करणाऱ्यांमध्ये कोलेस्टेरॉलचे खडे कमी आढळतात, असे बहुतेक मोठ्या पाहण्यांतून दिसते. तरीही ‘पार्टीच्या रात्री’ पोटात कळ येऊन रुग्णालयात जावे लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. या दोन गोष्टींत विसंगती वाटते, ती खडा तयार होणे आणि तयार खडा दुखणे या दोन वेगळ्या घटना एकच मानल्यामुळे.

धोका कमी होण्याचे कारण अद्याप वादाचे आहे. पित्तरसात पित्तक्षार व लेसिथिन यांना विरघळवून ठेवता येईल त्यापेक्षा जास्त कोलेस्टेरॉल आले, की त्याचे स्फटिक बनतात. ब्रिटनमध्ये १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना सहा आठवडे रोज सुमारे ३९ ग्रॅम अल्कोहोल देण्यात आले, तेव्हा पित्तरसाची कोलेस्टेरॉल-संपृक्तता घटली आणि रक्तातील एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल वाढले. (आपल्याकडच्या ४२.८ टक्के तीव्रतेच्या मद्याच्या ६० मिलि. पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे हे प्रमाण जवळजवळ दोन पेगांचे झाले.) कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर वाढत असावे, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. पित्ताशय रिकामे होण्याच्या गतीवर मद्याचा परिणाम काय, याबाबत मात्र प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध जातात.

अमेरिकेतील पुरुष आरोग्यव्यावसायिकांची पाहणी (१९९९) आणि परिचारिकांची पाहणी (२००३) या दोन्हींत मद्यपान वाढेल तसा धोका घटताना दिसला. पुरुषांच्या पाहणीत आठवड्यातून पाच ते सात दिवस पिणाऱ्यांत ही घट होती. एक-दोन दिवस पिणाऱ्यांत ठळक फरक नव्हता. म्हणजे शनिवारी एकदम ‘क्वार्टर’ (१८० मिलि., सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल) रिचवणाऱ्याला या आकड्यांचा आधार घेता येत नाही. शिवाय या केवळ निरीक्षणात्मक पाहण्या आहेत. आजारपणामुळे दारू सोडलेले लोक ‘न पिणाऱ्यां’त मोजले गेले, तर न पिणाऱ्यांचा धोका फुगलेला दिसू शकतो. खडे टाळण्यासाठी कोणी डॉक्टर मद्य लिहून देत नाही, ते यामुळेच.

अतिमद्यपानाने यकृताचा सिऱ्होसिस झाला, की चित्र उलटते. अशा रुग्णांत खडे सर्वसामान्यांपेक्षा बरेच अधिक आढळतात, पण ते बहुधा काळे, रंगद्रव्याचे असतात. प्लीहा मोठी होऊन तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्यांतून सुटलेले बिलिरुबिन पित्तरसात साचते. कोलेस्टेरॉलच्या खड्यांबाबतचे संरक्षण येथे गैरलागू ठरते.

कळ येण्याचे कारण मुख्यतः ताटात असते. एक नेहमीचा क्रम असा: संध्याकाळी आठला पिणे सुरू, सोबत तळलेले शेंगदाणे, जेवण अकराला, तर्रीदार मटण. दुपारनंतर धड जेवण नसल्याने पित्ताशयात ३० ते ५० मिलि. घट्ट पित्तरस साठलेला असतो. स्निग्ध अन्न आदिआंत्रात पोचले, की तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते व पित्ताशय जोराने आकुंचन पावते. खडा त्याच्या नळीच्या तोंडाशी अडकला, तर आतील दाब वाढतो आणि मध्यरात्रीनंतर दुखू लागते. तोच माणूस पार्टीचेच मटण दारूविना जेवला, तरी दुखू शकते. दोष मात्र दारूला जातो, कारण लक्षात तीच राहते.

ही कळ उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मध्यभागी येते, उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते आणि कुशी बदलून कमी होत नाही. ‘पित्त झाले’ म्हणून अम्लरोधक घेतले जाते, त्याने फरक पडत नाही. मराठीत आम्लपित्त आणि पित्तरस या दोहोंना ‘पित्त’च म्हणतात, त्यामुळे निदान लांबते. सहा तासांहून अधिक टिकणारे दुखणे, ताप किंवा कावीळ ही पित्ताशयदाहाची अथवा मुख्य पित्तनलिका अडल्याची चिन्हे समजावीत.

पिणाऱ्या माणसात स्वादुपिंडदाह वेगळा ओळखणे महत्त्वाचे, कारण खडे आणि मद्य ही त्याची दोन प्रमुख कारणे आहेत. त्यात दुखणे आरपार पाठीत जाते, पुढे वाकून बसल्यावर थोडे हलके वाटते आणि रक्तातील लायपेज या पाचक विकराचे प्रमाण सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वर जाते. कारण मद्य की खडा, हे रुग्णाच्या सांगण्यावरून ठरवू नये. पिण्याची कबुली मिळाली तरी सोनोग्राफी करावीच. पित्ताशय नीट भरलेले दिसावे म्हणून ती सहसा सहा ते आठ तासांच्या उपाशीपोटी करतात. आणीबाणीत मात्र त्यासाठी थांबत नाहीत. छातीच्या खालच्या दुखण्यात, विशेषतः चाळिशीनंतर, ईसीजी आधी काढतात.